नेहमी उशिरा येणाऱ्या मित्रासाठी मानपत्र कसे तयार करावे

आधी प्रसंग निवडा. मित्र नेहमीच उशिरा येतो, हे सगळ्यांना माहीतच असते. हसू येते ते तारीख, ठिकाण आणि मिनिटांसकट सांगितलेल्या एकाच प्रसंगाला. ग्रुपवरचे जुने मेसेज चाळले की खऱ्या वेळा सापडतात, त्या वाढवून लिहू नका. ‘तीन दिवस उशिरा आला’ हे कोणाला पटत नाही, ‘दीड तास’ मात्र सगळ्यांनी भोगलेला असतो. घरचे आजारपण किंवा नोकरीतली अडचण यामुळे झालेला उशीर वगळा. आळसाचा उशीर घ्या.

मग मजकूर. भाषा खऱ्या सत्कार समारंभातली हवी: ‘आपण’, ‘कळविलेत’, ‘करण्यात येत आहे’. उद्गारचिन्ह किंवा कोटी आली की गांभीर्य फुटते आणि गंमत जाते. लांबी ऐंशी शब्दांच्या आसपास पुरे, कारण हे मोठ्याने वाचायचे आहे. नमुना असा:

॥ मानपत्र ॥
मित्रवर्य श्री. ________ यांस,
दि. ९ ऑगस्ट रोजी पहाटे साडेपाचला स्वारगेट येथे जमण्याचे ठरले असता, आपण ५ वाजून ५० मिनिटांनी ‘पोहोचतोच आहे’ असे दूरध्वनीवरून कळविलेत. त्या समयी बादलीत पाणी पडत असल्याचा ध्वनी उपस्थितांनी स्पष्ट ऐकला. सात वाजता आपले आगमन झाले, तेव्हाही आपल्या मुद्रेवर घाईचा लवलेश नव्हता. घड्याळापुढे न झुकणारी ही वृत्ती आणि ‘पाचच मिनिटं’ या शब्दांवरील आपली अढळ निष्ठा यांचा गौरव म्हणून ‘विलंबभूषण’ ही पदवी आपणांस आदरपूर्वक प्रदान करण्यात येत आहे.
आपले,
प्रतीक्षारत मित्रमंडळ

यातली बादली महत्त्वाची. मित्र निघालाच नव्हता, हे कुठेही म्हटलेले नाही. ऐकणारा ते स्वतः ओळखतो. तुमच्या प्रसंगातही असा एक पुरावा शोधा.

आता छपाई. A4 आकाराचे पान उभे धरा आणि चारही बाजूंना अडीच सेंटीमीटर समास सोडा, नाहीतर फ्रेमची पट्टी नक्षी झाकते. `Tiro Devanagari Marathi` हा फॉन्ट मानपत्राला शोभतो. त्याला वेगळे ठळक वळण नाही, म्हणून शीर्षक ठळक न करता मोठे करा. दुकानात `PDF` न्या. वर्डची फाइल नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर अक्षरांचे वळण बदलते, ओळी सरकतात. कागद फिकट पिवळसर, अडीचशे जीएसएमचा आणि बिनचकाकीचा घ्या. गुळगुळीत कागदावर सहीची शाई फिसकटते.

तळाशी दोन ओळी छापा: ‘प्रदानाची नियोजित वेळ’ आणि ‘प्रत्यक्ष वेळ’. पहिली छापील ठेवा. दुसरी कोरी सोडून, तो दारात आला की सगळ्यांसमोर घड्याळ पाहून पेनाने भरा. वाचणाऱ्याने वाचताना हसायचे नाही, म्हणून आधी दोनदा मोठ्याने वाचून घ्यावे.