बेदाणे भिजवून परासरण दाखवताय? या चुका टाळा

कासेगावकडचे बेदाणे सोलापुरात कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, म्हणून आपल्याकडच्या शाळांचा परासरणाचा प्रयोग बेदाण्यांवरच होतो. प्रयोग चांगलाच आहे, पण तो घाईने उरकला जातो आणि चुका त्याच त्याच होतात.

आधी नेमकं काय घडतं ते बघू. बेदाण्यात पाणी जेमतेम 15 टक्के असतं, बाकी बहुतेक साखर. वाटीत नुसतं पाणी. मधे बेदाण्याची साल आणि पेशींची पटलं. ही पटलं पाण्याला सहज वाट देतात, साखरेला मात्र अडवतात. पाणी दोन्ही बाजूंनी ये-जा करतच असतं, पण आत जाणारं जास्त आणि बाहेर येणारं कमी, म्हणून बेदाणा फुगतो. पटलातून होणाऱ्या पाण्याच्या या प्रवासाला परासरण म्हणतात.

पहिली चूक तोंडी उत्तरात होते. मुलं घोकतात, ‘कमीकडून जास्तीकडे’. कशाचं कमी, कशाचं जास्त? पाणी कमी साखरेच्या बाजूकडून जास्त साखरेच्या बाजूकडे जातं. ‘साखरेच्या’ हा शब्द गाळला की पुढच्याच प्रश्नाला मूल उलटं उत्तर देतं. मी वर्गात तो शब्द आल्याशिवाय उत्तर धरतच नाही.

पण मला सर्वांत जास्त खटकते ती चूक प्रयोगाच्या दुसऱ्या भागात होते. फुगलेला बेदाणा साखरेच्या पाण्यात टाकला की आक्रसतो, असं तक्त्यावर लिहिलेलं असतं. एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. ‘साखरेचं पाणी’ अशी चिठ्ठी लावलेल्या ग्लासात सुरकुतलेले बेदाणे तळाशी होते. एक चमच्याने काढून दाबून पाहिला, तर आतून अगदी कोरडा. नुकताच पुड्यातून काढून टाकलेला. मुलाला विचारलं तर म्हणाला, “सर, फुगलेला कितीबी वेळ ठेवला तरी आकसंना की. मग बाईंनी हेच टाक म्हटलं.” मुलाने जे डोळ्यांनी पाहिलं तेच खरं होतं, आणि तेच त्याला लपवायला लावलं. याचा मला आजही राग येतो.

आता हिशेब करा. 5 ग्रॅम बेदाणे भिजून 8 ग्रॅम झाले असं धरू. त्यांत साखर साधारण सव्वातीन ग्रॅम, म्हणजे फुगल्यावरही आत 40 टक्क्यांच्या आसपास. त्यातली थोडी पाण्यात उतरली तरी बरीच उरते. मुलाच्या ग्लासात होती 200 मिलीला दोन चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम. जेमतेम 5 टक्के. अशा पाण्यात बेदाणा आक्रसेल कसा? तो आणखी पाणी आत घेईल.

मग 100 मिली पाण्यात 100 ग्रॅम साखर घातली तर? तरीही फारसं काही दिसत नाही. परासरणात वजन नाही, कणांची संख्या मोजली जाते. द्राक्षातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचे रेणू लहान असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनात ते आपल्या साखरेच्या जवळजवळ दुप्पट भरतात. म्हणून मी साखरेच्या नादी लागतच नाही, मीठ वापरतो. 100 मिली पाण्यात 30 ग्रॅम मीठ, नीट ढवळून. मिठाचे विरघळल्यावर दोन-दोन आयन होतात, त्यामुळे तेवढ्या मिठातही कण भरपूर होतात. तासा-दोन तासांत साल सैल पडून सुरकुत्या दिसू लागतात. रात्रभर मात्र ठेवू नका, तोवर मीठही आत झिरपतं.

वजन करण्याआधी बेदाणे फडक्यावर हलके टिपून घ्या, नाहीतर सालीवरचं पाणीच मोजाल. देठाकडे साल फाटलेले दाणे बाजूला काढा. एप्रिल-मे महिन्यांत बेदाणे रात्रभर बाहेर ठेवले तर पाणी आंबतं, बुडबुडे येतात. सकाळी भिजवून दुपारी बघा.

आणि उकळतं पाणी वापरू नका. ‘सर, लवकर फुगतात’ हे कारण मला मान्य नाही. उष्णतेने पटलं फाटतात, साखर भराभर बाहेर येते, आणि मग जे दिसतं त्याला परासरण म्हणता येत नाही.

खरं तर वाळताना बेदाण्याची बरीच पटलं आधीच खराब झालेली असतात. म्हणूनच साध्या पाण्यात भिजवले तरी ते पाणी पिवळसर आणि किंचित गोड होतं. हे मुलांना सांगा. आणि पटलाचंच काम दाखवायचं असेल तर कच्च्या बटाट्याच्या दोन सारख्या फोडी घ्या, एक साध्या पाण्यात आणि एक त्याच मिठाच्या पाण्यात ठेवा. पहिली कडक होते, दुसरी वाकवली तर वाकते. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी ठेवल्या तर साध्या पाण्यातली कडक होत नाही, कारण तिची पटलं उकडतानाच फाटलेली असतात.