नवशिक्यांच्या संगणक-पुस्तिकेत कुठला शब्द मराठीत आणावा?

आधी पुस्तिका बोलीत लिहून काढा आणि शेजारच्या एखाद्या काकूंना वाचायला द्या. त्या जिथे अडखळतील, त्या शब्दाखाली रेघ मारा. विचार करायचा तो एवढ्याच शब्दांचा. माउस, फाइल, प्रिंटर यांच्यापाशी कुणी थांबत नाही, म्हणून त्यांना हात लावू नका.

रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दाला पहिला प्रश्न विचारा: वाचकाला हा शब्द पडद्यावर शोधायचा आहे का? पडदा इंग्रजीत असेल तर बटणावरचं नाव जसंच्या तसं छापावं लागतं, नाहीतर वाचक मराठी शब्द शोधत बसतो. मात्र बटण दाबल्यावर जे घडतं, ते सांगणारं क्रियापद मराठी हवं.

डाउनलोडचंच बघा. याला ‘उतरवून घेणे’ मला फार योग्य वाटतं. फळ्यावरचं आपण वहीत उतरवून घेतो, तेव्हा फळ्यावरचं पुसलं जात नाही. डाउनलोडमध्येही मूळ फाइल जागच्या जागी राहते आणि आपल्याकडे तिची प्रत येते. नवशिक्याला नेमकं हेच कळायला हवं असतं. पण नुसतं ‘वीजबिल उतरवून घ्या’ लिहिलंत तर कुणी खरंच वही-पेन घेईल. म्हणून कुठे उतरवायचं तेही सांगा: ‘बिलाखालचं Download हे बटण दाबा. बिल तुमच्या संगणकात उतरेल. ते Downloads या फोल्डरमध्ये सापडेल.’

आता शब्द वाक्यात फिरवून बघा. ‘उतरवलेलं बिल’, ‘बिल उतरलं का?’, ‘अर्धंच उतरलं’ ही रूपं सहज होतात. त्याऐवजी डाउनलोडला ‘अधोभारण’ घेतलंत तर ‘अर्धंच अधोभारण झालं’ असं फोनवर कोण बोलेल? जो शब्द असा वाकत नाही, तो सोडून द्या.

पासवर्डची गोष्ट वेगळी आहे. ‘परवलीचा शब्द’ मुळात पहारेकऱ्याला सांगायचा गुप्त शब्द, म्हणजे अर्थ चोख. पण आज ‘परवलीचा शब्द झालाय’ म्हटलं की ‘सगळ्यांच्या तोंडी आहे’ असं समजतात. जे लपवायचं, त्याला असं नाव चालणार नाही. ‘संकेतशब्द’ घेतला तर तो संकेतस्थळ आणि संकेतांक यांच्यात मिसळतो. शिवाय पासवर्डमध्ये आकडे आणि चिन्हंही असतात, आणि ‘शब्द’ वाचून माणूस मुलीचं नाव टाकून मोकळा होतो. इथे पासवर्डच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा: ‘पासवर्ड म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली, जी अक्षरं, आकडे, चिन्हं मिळून होते आणि कुणाला सांगायची नसते.’

ठरलेले शब्द एका कागदावर लिहून ठेवा. तिसऱ्या पानावर ‘जतन करा’ आणि दहाव्या पानावर ‘साठवा’ आलं, तर वाचकाला ती दोन वेगळी कामं वाटतात.