"मी तर गॅलरीतच ओढतो!" बाळ झोपतं त्या घरात या चुका टाळा

बाळंतिणीच्या घरी सिगारेटचा विषय काढला की बाबांचं उत्तर तयार असतं: "घरात नाहीच, गॅलरीत जातो." मी नवजात बाळांच्या घरभेटी करते, त्यामुळे हे वाक्य मला पाठ झालंय. खोटं कुणी बोलत नाही. पण धूर दारापाशी थांबत नाही, आणि ओढणाऱ्याबरोबर तो परत आतही येतो.

झोपेत बाळाचा अचानक मृत्यू होण्याचे प्रकार पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक होतात. झोपेत श्वास अडला किंवा प्राणवायू कमी पडला, तर निरोगी बाळ मान वळवतं, कुरकुरतं, जागं होतं. गरोदरपणी आणि जन्मानंतर धुरात राहिलेल्या बाळाची ही जागं होण्याची क्षमता मंदावते. त्यामुळे दिवसभर हसतं-खेळतं दिसणारं बाळही सुरक्षित आहे असं धरून चालता येत नाही.

गॅलरी म्हणजे बाहेर, असं समजणं

एका वन-बीएचकेमध्ये गॅलरी बेडरूमला लागून होती आणि अडीच महिन्यांच्या बाळाचा पाळणा दारापासून चार पावलांवर. बाबा सरकतं दार ओढून घेऊन ओढायचे, तरी दुपट्याला वास येई. बाळाला आजीबरोबर खाली पाठवलं आणि गॅलरीत एक उदबत्ती लावून पाहिली. धूर दाराच्या फटीतून सरळ आत ओढला जात होता, कारण स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू होता. तो आतली हवा बाहेर फेकतो, म्हणून तिची जागा भरायला गॅलरीतली हवा आत येते. एक्झॉस्ट बंद केल्यावर ओढ कमी झाली, पण थांबली नाही. शेवटी ओढायचं ते इमारतीखाली, खिडक्यांपासून लांब, असं ठरलं.

खिडकी उघडून किंवा पंखा लावूनही भागत नाही. खोलीत ओढलेल्या सिगारेटचा धूर खिडकी उघडी असली तरी दोन-तीन तास रेंगाळतो, आणि त्यातला बराचसा डोळ्यांना दिसतही नाही. एअर प्युरिफायर कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू नाही. वास येत असेल तर धूर पोचलाय हे नक्की. पण वास नाही म्हणून धूरही नाही, असं मात्र नाही.

ओढून आल्याआल्या बाळाला घेणं

शेवटचा झुरका संपल्यावरही काही मिनिटं उच्छ्वासातून धूर बाहेर पडत राहतो, आणि शर्ट, केस, बोटं, दाढी यांवर त्याचा थर बसतो. खांद्यावर घेतलेल्या बाळाचं नाक नेमकं तिथेच टेकतं. म्हणून वर आल्यावर ओढायचा शर्ट दाराबाहेरच्या खिळ्याला, मग हात-तोंड साबणाने धुणं, चूळ भरणं, आणि अर्धा तास तरी बाळ दुसऱ्याकडे. यामुळे धोका कमी होतो, जात नाही.

ओढणाऱ्याने बाळाला कुशीत घेऊन झोपणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. आई-वडिलांपैकी कुणीही ओढत असेल, मग ते अंथरुणात ओढत नसले तरीही, बाळ त्यांच्या गादीवर झोपल्यास धोका बराच वाढतो. इथे आज्या रागावतात: "आमची नाही का झोपली कुशीत?" त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी पाळणा आईच्या हाताच्या अंतरावर आणून ठेवते. खोली तीच, अंथरूण वेगळं. पाळण्यात सपाट, घट्ट गादी हवी. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वासनलिका दुमडते. बाळ नेहमी पाठीवर. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशी, गोधडी, खेळणी हे सगळं बाहेर. रात्री पाजताना डोळा लागला, तर जाग येताच बाळाला पाळण्यात ठेवा.

धुरीचंही इथेच सांगते. अंघोळीनंतर ओवा-वेखंडाची धुरी देणारी घरं अजून पुष्कळ आहेत. धूर शेगडीचा असो, मच्छर कॉइलचा असो की विडीचा, बाळाची फुफ्फुसं भेद करत नाहीत. दुपटं उन्हात वाळवा, शेकायला हात गरम करा, धूर नको.

आई तंबाखू वापरते म्हणून अंगावरचं दूध तोडणं

मशेरी लावणारी किंवा ओढणारी आई कुणी काही बोललं की दूधच बंद करते. निकोटिन दुधात उतरतं हे खरं, पण आईचं दूध झोपेतल्या मृत्यूचा धोका कमी करतं, त्यामुळे ते तोडून तोटाच होतो. सुटेपर्यंत निदान पाजण्याआधी तंबाखू नको, पाजून झाल्यावर. दोन तासांत रक्तातलं निकोटिन साधारण निम्म्यावर येतं.

सोडायची असेल तर 1800-11-2356 हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, फोनवर समुपदेशक बोलतात. त्या वन-बीएचकेच्या बाबांनी सहाव्या आठवड्यात लावला. तोवर इमारतीखाली जायला-यायला चार जिने चढून त्यांच्या दिवसाच्या आठ सिगारेटी तीनवर आल्या होत्या.