तेलाची फडकी पोत्यात कोंबताय? या चुका टाळा

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही वाड्याचा सागवानी दरवाजा घासून त्याला जवसाचं तेल दिलं. पेंटवाला ज्याला ‘डबल बॉईल’ म्हणतो, तेच. संध्याकाळी सुताराने दहा-बारा फडकी पोत्यात कोंबून जिन्याखाली सारली. रात्री अकराला आईला खवट, रंगासारखा उग्र वास आला. पोत्याला हात लावला तर ते तव्यासारखं तापलं होतं. जवळपास दिवा नव्हता, विडी नव्हती.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. दरवाजावर ती जाणवत नाही, कारण पातळ थरातून लगेच निघून जाते. बोळ्यात मात्र तेल लागलेले हजारो धागे असतात, मधे हवाही असते आणि कापूस उष्णता धरून ठेवतो. बोळा तापला की क्रिया आणखी वेगाने होते, ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट. म्हणून पहिले काही तास काहीच दिसत नाही आणि मग अचानक धूर येतो. सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर सुरुवातच वरून होते. डबल बॉईलमध्ये लवकर सुकण्यासाठी घातलेली द्रव्यं हा वेग आणखी वाढवतात.

दुसरी चूक म्हणजे भलत्याच तेलाला भिणं. लूमच्या मशीन ऑइलची चिंधी ठिणगीने पेटेल, पण ते खनिज तेल असल्याने सहसा आपोआप तापत नाही. आपल्याकडचं करडईचं तेल मात्र जवसाच्याच वळणाचं. खाण्याचं आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

मालिशचे टॉवेल हा त्यातलाच प्रकार. धुतल्यावरही धाग्यात तेल उरतं. ड्रायरमधून काढून गरमागरम घड्या घालून चळत रचली, की आतली ऊब अडकते. टॉवेल आधी गार होऊ द्यावेत, मगच घडी घालावी.

फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीत लागलेली आग बाविसाव्या मजल्यावर टाकून दिलेल्या अशाच जवसतेलाच्या फडक्यांपासून सुरू झाली. तीन अग्निशमन जवान त्यात गेले.

काम संपलं की प्रत्येक फडकं अंगणात सुट्टं, एकेरी, दोरीवर वाळत घाला. एकावर एक नको. ते पापडासारखं कडक झालं की तेल सुकलं. जागा नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून घट्ट झाकण लावा. नुसतं पाणी शिंपडणं पुरत नाही, पाणी वाळलं की गाडी पुन्हा सुरू.

आणि पोतं गरम लागलं तर उघडून बघू नका, आत हवा शिरली की भडका होतो. आम्ही ते चिमट्याने उचलून अंगणातल्या पाण्याच्या टाकीत अख्खंच टाकलं. पेट घेतलेलं असतं, तर बाहेर पडून १०१ लावणं एवढंच हातात होतं.