पॉइंट सेम असले की टेबल असं चेक करा

फुटबॉल लीगमध्ये दोन टीमचे पॉइंट सेम झाले की आधी गोल डिफरन्स बघायचा, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, आणि तोही सेम निघाला तरच जास्त गोल कोणी केले ते बघायचं, हा क्रम उलटा केला की रँकिंग गंडलंच. १९८९ ची इंग्लिश लीग घ्या, शेवटच्या मॅचआधी लिव्हरपूल ७६ पॉइंट, गोल ६५-२६ म्हणजे +३९, आर्सेनल ७३ पॉइंट, ७१-३६ म्हणजे +३५. ती मॅच या दोघांचीच होती, आर्सेनल लिव्हरपूलच्या मैदानावर २-० ने जिंकलं. पॉइंट ७६-७६, डिफरन्स दोघांचा +३७, पण गोल ७३ विरुद्ध ६५, टायटल आर्सेनलला! १-० असतं तर +३६ आणि +३८, मग लिव्हरपूलच वर. म्हणजे आपापसातल्या मॅचमध्ये एका गोलने डिफरन्समधलं अंतर दोनने हलतं, हे हिशोबात हमखास सुटतं.

आणि हो, पूर्ण टेबलच्या सगळ्या डिफरन्सची बेरीज शून्यच यायला हवी, नाही आली तर कुठलातरी स्कोअर एकाच टीमच्या नावावर चढलाय. मात्र स्पेनच्या ला लिगासारख्या ठिकाणी आधी आपापसातल्या मॅचेस बघतात, त्यामुळे नियम आधी वाचा.