लग्नाला जायच्या आधी ताटाची रेंज काढून ठेवा (शनिवार, विजयनगर)

आतेबहिणीचं लग्न शनिवारी आहे, बुफे आहे आणि मी कॅलरीची डायरी लिहितो, म्हणून तयारी आत्ताच करतोय. पहिलं काम घरी, आपली रोजची रिकामी वाटी किचनच्या काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा, मग ती पाण्याने भरायची, माझी १५० ग्रॅमची निघाली, आता तिकडे पळीने वाढलेली भाजी बघून "ही एक वाटी" असं डोळ्याला कळेल. दुसरं, एवढं पाठ हवं की चमचाभर तेल म्हणजे ५ ग्रॅम, ४५ कॅलरी. लग्नाच्या जेवणात खरा घोळ तेलातुपाचाच असतो, पनीर किती हे तुकडे मोजून कळतं पण ग्रेव्हीत दोन चमचे तेल आलं की चार हे कोण सांगणार, म्हणून एकच आकडा लिहायचा नाही, कमी आणि जास्त असे दोन लिहायचे.

माझं ताट अंदाजे असं होईल: छोट्या कचोऱ्या दोन, ३०० ते ४००. गराडू म्हणजे तळलेल्या कंदाचा एक दोना १८० ते २४० (थंडीत इंदूरच्या लग्नात गराडू नाही असं होत नाही, आणि मी नाही म्हणणार असंही नाही). पनीर एक वाटी २७० ते ३९०, बटर लावलेल्या तंदूरी रोट्या दोन २८० ते ३८०, मूगडाळ हलवा अर्धी वाटीही नाही तरी २२० ते २९०, दोन लहान जिलब्या २०० ते २६०. बेरीज १४५० ते १९६०.

आता ही रेंज जरा रुंदच आहे, कारण सगळ्याच वस्तू एकदम जास्तीच्या टोकाला जात नाहीत, एक जास्त तर दुसरी कमी असं होतं, म्हणून मी मधलं १५५० ते १८५० धरतो. पण हलवाई एकच असतो ना, त्याचा हात सैल असला तर सगळंच तेलकट, तेव्हा वरचं टोक धरायचं. ओळखायचं कसं, तर ताट जरा तिरकं करायचं, ग्रेव्हीतून तेल वेगळं ओघळलं की समजा. कचोरी टिश्यूवर दाबून बघा, टिश्यू लगेच पारदर्शक झाला तर ती तेल जास्त प्यायलीय.

आणि मागच्या लग्नात जी चूक केली ती नको. स्टार्टर उभ्याउभ्या गप्पा मारत खाल्ले, डायरीत फक्त ताट लिहिलं, ९०० लिहून खुशीत झोपलो. ह्या वेळी प्रत्येक दोन्याची टूथपिक खिशात टाकणार, घरी येऊन मोजणार. आणि काकू आग्रहाने जिलबी वाढणारच, त्यासाठी आधीच १०० ते १३० वेगळे लिहून ठेवलेत.