इन्सर्ट गरगर फिरतोय किंवा वर येतोय? भोकातल्या या चुका टाळा

गेल्या महिन्यात थ्रीडी प्रिंटरवर पीईटीजी प्लॅस्टिकमध्ये एक सर्किटचा डबा छापला. चार कोपऱ्यांत चार खांब, प्रत्येकात एम३ स्क्रूसाठी आतून आटे असलेला, तापवून बसवायचा पितळी इन्सर्ट, वर ३ मिमी जाडीचं झाकण. पहिल्यांदा झाकण आवळलं, तेव्हा दोन इन्सर्ट वर सरकले आणि तिसरा जागेवरच फिरू लागला. दिसायला दुखणं एकच, पण कारणं वेगळी होती.

आधी वर आलेल्यांचं बघू. स्क्रू सहज बसावा म्हणून झाकणाला ५ मिमीची भोकं ठेवली होती. इन्सर्टचा बाहेरचा व्यास ४.६ मिमी. स्क्रू आवळला की तो इन्सर्टला वर ओढतो. वर अडवायला काहीच नसेल, तर तो झाकणाच्या भोकात शिरतो. म्हणजे सगळा ताण पितळ आणि प्लॅस्टिकच्या पकडीवर येतो. झाकणाचं भोक ३.४ मिमी केलं की इन्सर्टचा माथा झाकणाला खालून टेकतो आणि आवळण्याचा जोर झाकण व पितळ यांच्यातच राहतो. जमत असेल तिथे मी इन्सर्ट मागच्या बाजूनेच बसवतो. मग स्क्रू जितका आवळाल तितका तो आत ओढला जातो.

फिरणाऱ्या इन्सर्टचा दोष खांबात होता. भोक ४.४ मिमी, त्यामुळे इन्सर्टवरच्या खाचांमध्ये वितळलेलं प्लॅस्टिक भरलंच नाही. या मापाच्या इन्सर्टला ४ मिमी भोक लागतं. इन्सर्टची मापं मात्र कंपनीनुसार बदलतात, म्हणून आधी व्हर्नियरने मोजा. छापलेलं भोक बहुधा आखल्यापेक्षा थोडं लहान येतं, तेव्हा एक छोटा तुकडा छापून तपासणं बरं. खांब बाहेरून ६ मिमीचा होता. ४ च्या भोकाभोवती जेमतेम १ मिमी भिंत उरते, ती गरम इन्सर्टने फुगते. खांब ८ मिमीचा केला आणि स्लायसरमध्ये भिंतींच्या रेघा ५ केल्या. ०.४ मिमीच्या रेघेने २ मिमीची भिंत भरीव होते. इनफिल वाढवून हे साधत नाही, कारण खाचांना पकडतात त्या या रेघाच.

भोक इन्सर्टच्या लांबीइतकंच खोल ठेवू नका. वितळलेलं प्लॅस्टिक खाली साचतं आणि स्क्रू झाकण घट्ट होण्याआधीच अडतो. तो आणखी पिळला की इन्सर्ट सुटतो. ५.७ मिमीच्या इन्सर्टला मी ७.५ मिमी खोली देतो. स्क्रू इन्सर्टच्या पुढे जाणार असेल तर त्याहून जास्त.

बसवताना सोल्डरिंग आयर्न पीईटीजीसाठी साधारण २४५ अंशांवर, पीएलएसाठी २२० च्या आसपास. जोर लावू नका, पितळ तापून आयर्नच्या वजनाने उतरू द्या. शेवटचा अर्धा मिलिमीटर राहिला की आयर्न काढून सपाट धातूच्या पट्टीने दाबा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. गरम असतानाच स्क्रू लावलात, तर तो इन्सर्टला तिरपा करून टाकतो.